'खूप मोठा n' म्हणजे किती? 'खूप लहान p' म्हणजे किती?

बारावी वाणिज्यला पॉयसन वितरण शिकवताना आपण सगळेच फळ्यावर एक वाक्य लिहितो : "n खूप मोठा आणि p खूप लहान असेल, तर द्विपद वितरणाऐवजी पॉयसन वितरण वापरता येते." मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. पण एखादी चौकस मुलगी हात वर करते आणि विचारते, "सर, खूप म्हणजे किती?" प्रश्न अगदी बरोबर आहे. शंभर मोठा की हजार? ०.०५ लहान की ०.००५? आणि दोन्हींपैकी एकच अट पाळली गेली तर?

आज याच प्रश्नाचं नीट उत्तर शोधूया. त्यासाठी लॉटरीची तिकिटं किंवा खराब निघालेले बल्ब घेणार नाही. आपल्याच भागातला, ज्याच्या उत्तरावर काही अवलंबून आहे असा प्रश्न घेऊ.

एका तालुक्याचा प्रश्न

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व टोकाचा, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला तालुका. इथे कोलाम आणि गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. कोलामांची लहान लहान पोडं मुख्य गावांपासून बाजूला वसलेली असतात. अशा तालुक्यात बाळंतपणात आईचा जीव जाणं ही प्रत्येक वेळी एका घराची कोसळलेली भिंत असते. त्यामुळे वर्षाच्या शेवटी लोक विचारतात : गेल्या वर्षी तालुक्यात एकही माता दगावली नव्हती, यंदा दोन दगावल्या. परिस्थिती बिघडली का?

आता आकडे घेऊ. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० या काळातल्या अहवालानुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते (संपूर्ण भारतासाठी हा आकडा ९७ होता). गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यानंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू त्यात मोजतात. म्हणजे एका जन्मामागे p = ०.०००३३.

तालुक्यात वर्षाला १,५०० जिवंत जन्म होतात असं समजू. हा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे. तुम्ही तुमच्या तालुक्याचा खरा आकडा घाला, पद्धत तीच राहील.

यंदाचे दोन मृत्यू १,५०० मध्ये. लाखाच्या हिशेबात सांगायचं तर १३३. राज्याचा आकडा ३३, तालुक्याचा १३३! "राज्याच्या चौपट मातामृत्यू" असा मथळा तयार झाला. आणि गेल्या वर्षी शून्य होते, तेव्हा "तालुका मातामृत्युमुक्त" असाही मथळा होऊ शकला असता. दोन्ही मथळ्यांमध्ये कितपत तथ्य आहे हे तपासण्यासाठी आपल्याला एकच संभाव्यता हवी : तालुक्यातला धोका राज्याइतकाच असेल, तर निव्वळ योगायोगाने वर्षात दोन किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता किती?

द्विपद वितरण अचूक, पण अवजड

प्रत्येक जन्म हा एक प्रयत्न. निष्पत्ती दोनच. प्रत्येक प्रयत्नात p सारखा आणि प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र असं धरलं, तर मृत्यूंची संख्या X ही द्विपद वितरणाने चालते. n = १५००, p = ०.०००३३.

P(X = k) = nCk · p^k · (१ − p)^(n − k)

सूत्र सोपं आहे, हातानं करायला बसलं की त्रास. (०.९९९६७) चा १५०० वा घात काढायचा. साध्या कॅल्क्युलेटरवर एवढ्या वेळा गुणताना गोलाई करत गेलं की चूक साठत जाते. आणि आणखी एक अडचण आहे, ती जास्त महत्त्वाची. बऱ्याचदा n नेमका माहीत नसतो. सरासरी तेवढी माहीत असते : "आपल्याकडे दोन वर्षांतून साधारण एक." द्विपद वितरण n मागतं, p वेगळा मागतं. पॉयसन वितरणाला दोघांचा गुणाकार पुरतो.

λ = np = १५०० × ०.०००३३ = ०.४९५

फरक नेमका कुठे पडतो?

सिमेओं दनी पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ च्या आपल्या पुस्तकात हे सूत्र मांडलं. (मुलं 'पॉयझन' म्हणून हसतातच. त्यांना सांगा, फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ मासा.) पाठ्यपुस्तकात त्याची सिद्धता "n अनंताकडे जातो" अशी येते. पण आपला n अनंताकडे जात नाही, तो १,५०० वर थांबला आहे. म्हणून सिद्धता थोडी वेगळी करू. मर्यादा घेऊन मोकळं होण्याऐवजी, वाटेत काय टाकून दिलं ते बघू.

आधी k = ० घ्या. द्विपद उत्तर (१ − p)^n. लॉगॅरिदम घेतला तर

log(१ − p) = −p − p²/२ − …

दोन्ही बाजूंना n ने गुणा. पहिलं पद −np, म्हणजे −λ. दुसरं पद −np²/२. पॉयसनचं उत्तर e^(−λ) आहे, म्हणजे त्यात फक्त पहिलं पद ठेवलं आणि पुढचं सोडून दिलं. टाकून दिलेला भाग किती मोठा आहे हे np²/२ सांगतो. आपल्या उदाहरणात तो ०.००००८ येतो. इतक्या लहान भागासाठी कोणी रडणार नाही.

इथे जरा थांबा. चूक ठरवणारी राशी np² आहे. तिच्यात n वाढला तर ती वाढते! "n मोठा असावा" हे वाक्य घोकणाऱ्याला हे उलटं वाटेल. याकडे पुन्हा येऊ.

आता ० वरून १ वर, १ वरून २ वर कसं जायचं ते बघू. दोन्ही वितरणांत पुढची संभाव्यता मागचीला एका संख्येने गुणून मिळते. पॉयसनमध्ये ती संख्या λ/(k + १). द्विपदमध्ये थोडी मांडणी केली की ती अशी दिसते :

[λ/(k + १)] × [(n − k)/(n − λ)]

म्हणजे दोघांत फरक फक्त (n − k)/(n − λ) या अपूर्णांकाचा. यातून बरंच कळतं. k हा λ च्या आसपास असेल, तर अपूर्णांक जवळजवळ १ आहे आणि दोन्ही वितरणं हातात हात घालून चालतात. k हा λ च्या पुष्कळ पुढे गेला, तर अपूर्णांक १ पेक्षा कमी होतो, म्हणजे द्विपद वितरण पॉयसनपेक्षा लवकर खाली येतं. थोडक्यात, पॉयसन वितरणाची शेपटी जरा जाड असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब

कॅल्क्युलेटरवर e^(−०.४९५) काढा : ०.६०९५७. ही शून्य मृत्यूंची शक्यता. तिला ०.४९५ ने गुणा, एका मृत्यूची शक्यता मिळाली. तिला पुन्हा ०.४९५ ने गुणून २ ने भागा, दोन मृत्यूंची मिळाली. बस्स. शेजारी द्विपदची अचूक उत्तरं ठेवली आहेत.

| मृत्यू | द्विपद | पॉयसन |
|---|---|---|
| ० | ०.६०९५२ | ०.६०९५७ |
| १ | ०.३०१८१ | ०.३०१७४ |
| २ | ०.०७४६७ | ०.०७४६८ |
| ३ किंवा अधिक | ०.०१३९९ | ०.०१४०१ |

दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत दोन्ही रकाने सारखेच. दोन किंवा अधिक मृत्यूंची शक्यता : पॉयसनने ०.०८८७, द्विपदनेही ०.०८८७.

याचा अर्थ काय? तालुक्यातला धोका राज्याइतकाच असला, तरी साधारण दर अकरा वर्षांतून एकदा असं वर्ष येईल की ज्यात दोन किंवा अधिक माता दगावतील. आणि शंभरातली एकसष्ट वर्षं शून्याची असतील. म्हणजे गेल्या वर्षीचं शून्य हे यशाचं प्रमाणपत्र नव्हतं आणि यंदाचे दोन हा अपयशाचा पुरावा नाही. एका वर्षाच्या एवढ्याशा आकड्यावरून दोन्ही बाजूंनी काही ठरत नाही.

अजून एक पाऊल पुढे जाऊ. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. सोयीसाठी सगळे सारखेच धरले, तर एकाही तालुक्यात दोनचा आकडा न येण्याची शक्यता (१ − ०.०८८७)^१६, म्हणजे सुमारे ०.२३. उरलेले सुमारे ७७ टक्के. म्हणजे बहुतेक दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तालुक्याच्या नावाने "राज्याच्या चौपट" हा मथळा छापता येईल, धोका कुठेच वाढलेला नसताना. दरवर्षी तालुका तेवढा बदलेल.

मग नियम कोणता?

पुस्तकांत दोन नियम सापडतात. एक : n किमान २० आणि p जास्तीत जास्त ०.०५. दुसरा : n किमान १०० आणि np जास्तीत जास्त १०. दोन्ही वाईट नाहीत, पण ते कशामुळे आले हे सांगत नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं की n आणि p या दोघांनाही सारखंच महत्त्व आहे. तसं नाही.

१९६० मध्ये ल्युसियाँ ल कॅम या गणितज्ञाने या चुकीला वरून बांध घातला. १९८४ मध्ये बार्बर आणि हॉल यांनी तो आणखी घट्ट केला. त्यांच्या निष्कर्षाचा आपल्याला लागणारा भाग साध्या शब्दांत असा : "शून्य मृत्यू", "दोन किंवा अधिक", "तीन ते पाच" असा कोणताही प्रश्न विचारा, द्विपद आणि पॉयसन यांच्या उत्तरांतला फरक np² पेक्षा जास्त नसतो, आणि p पेक्षाही जास्त नसतो. दोघांतला जो लहान असेल तो घ्या.

दुसरा अर्धा भाग पुन्हा वाचा. फरक p पेक्षा जास्त नाही. त्यात n कुठेच नाही! p जर ०.०१ असेल, तर n दहा असो की दहा हजार, कोणत्याही उत्तरात ०.०१ पेक्षा मोठी चूक होऊच शकत नाही.

दोन टोकांची उदाहरणं फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.

पहिलं : n = १०, p = ०.०१. इथे n अगदीच लहान, पुस्तकाच्या दोन्ही नियमांत नापास. शून्य घटनांची शक्यता द्विपदने ०.९०४४ आणि पॉयसनने ०.९०४८. फरक चौथ्या स्थळी. कोण म्हणेल की हे सन्निकटन वाईट आहे?

दुसरं : n = १०००, p = ०.३. इथे n चांगला मोठा. λ = ३००. पण द्विपदचं विचरण np(१ − p) = २१० आणि पॉयसनचं ३००. "३३० किंवा अधिक" याची शक्यता द्विपदने दोन टक्क्यांच्या आसपास येते, पॉयसनने चार टक्क्यांच्या वर. उत्तर दुपटीहून जास्त चुकलं. n हजारावरून लाखावर नेला तरी हा दोष जाणार नाही, कारण विचरणांचं गुणोत्तर १ − p आहे आणि ते ०.७ च राहणार.

मग "n मोठा असावा" असं म्हणतात तरी का? कारण p लहान आणि n सुद्धा लहान असेल, तर λ शून्याला चिकटतो. पहिल्या उदाहरणात नव्वद टक्क्यांहून जास्त वजन शून्यावरच बसलं आहे, मोजण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. n मोठा लागतो तो λ ला ०.५, २, ५ अशा कामाच्या आकाराला आणण्यासाठी. सन्निकटन चांगलं ठेवण्याचं काम एकटा p करतो. मुलांना मी असं सांगतो : p बघून ठरवा की पॉयसन *चालेल* का, np बघून ठरवा की तो *लागेल* का.

०.०५ ची मर्यादा कुठे तोकडी पडते

नियमाच्या काठावरचं एक उदाहरण करू. n = १००, p = ०.०५, λ = ५. नेमक्या पाच घटनांची शक्यता द्विपदने ०.१८००, पॉयसनने ०.१७५५. ठीक आहे, परीक्षेत पूर्ण गुण.

पण "बारा किंवा अधिक" विचारा. द्विपदचं उत्तर ०.००४३, पॉयसनचं ०.००५५. फरक केवळ ०.००१२, म्हणजे p च्या खूप खाली, बांध शाबूत. तरीही पॉयसनचं उत्तर खऱ्या उत्तराच्या सव्वापट झालं. मघाची जाड शेपटी ती हीच : k = १२ ला (n − k)/(n − λ) म्हणजे ८८/९५, दर पावलाला सात टक्क्यांहून जास्त तूट.

म्हणून उत्तराचा आकार आणि p यांची तुलना करायची सवय लावा. मिळालेली संभाव्यता p पेक्षा पुष्कळ मोठी असेल, तर निर्धास्त राहा. ती p च्याच आकाराची किंवा त्याहून लहान असेल, तर बांध काहीच हमी देत नाही, तिथे द्विपद करून बघा. आपल्या तालुक्याच्या हिशेबात उत्तर ०.०८८७ आणि p ०.०००३३. कुठे हत्ती, कुठे मुंगी. तिथे शंकेला जागाच नव्हती.

जिथे पॉयसन मुळीच लावू नये

याच भागातला दुसरा प्रश्न घ्या. विदर्भात सिकलसेल नवा नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला सिकलसेल आजार होण्याची शक्यता १/४ असते. अशा जोडप्याला चार मुलं असतील, तर n = ४, p = ०.२५, λ = १. एखादा विद्यार्थी λ दिसला की लगेच e^(−१) काढायला धावतो.

द्विपदने एकाही बाळाला आजार नसण्याची शक्यता ०.३१६४, पॉयसनने ०.३६७९. पाच टक्क्यांचा फरक, तोही आई-वडिलांना खोटा दिलासा देणाऱ्या बाजूचा. आणि खरी गंमत पुढे आहे : पॉयसन सूत्र चार मुलांपैकी पाच किंवा अधिक आजारी असण्यालाही ०.००३७ इतकी शक्यता देतं! जे घडूच शकत नाही त्याला शक्यता मिळाली. कारण पॉयसनला n माहीतच नसतो, तो कुठे थांबायचं हे जाणत नाही. p लहान असताना तिथवर कोणी पोचतच नाही म्हणून हे झाकून जातं.

λ दोन्हीकडे १ च्या आसपास असू शकतो : एकीकडे तीन हजार बाळंतपणं, दुसरीकडे चार भावंडं. λ वरून काही कळत नाही, p वरून कळतं.

दोन गृहीतकं : एक मोडलं तर चालतं, दुसरं मोडलं तर नाही

सुरुवातीला आपण म्हटलं की प्रत्येक प्रयत्नात p सारखा आणि प्रयत्न स्वतंत्र. प्रत्यक्षात p सारखा नसतो. डांबरी रस्त्यावरच्या गावातली बाई आणि पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या पोडावरची बाई यांचा धोका एक कसा असेल?

नवल असं की याने पॉयसन मोडत नाही. १,५०० पैकी १,२०० जणींचा धोका ०.०००२ आणि दूरच्या ३०० जणींचा ०.०००८५ समजा, म्हणजे चौपटीहून जास्त. (हेही आकडे मी धरलेले आहेत.) बेरीज करा : ०.२४ + ०.२५५ = ०.४९५. λ तोच! वेगवेगळे p असले तरी ल कॅमचा बांध चालतो, फक्त np² च्या जागी सगळ्या p च्या वर्गांची बेरीज घ्यायची. ती इथे ०.०००२६ येते. म्हणजे वरचा तक्ता जवळजवळ जसाच्या तसा राहील.

गणिताला ही सोयीची गोष्ट, माणसांना नाही. तालुक्याची एकूण संख्या पॉयसनप्रमाणे अगदी शहाण्यासारखी वागत राहील आणि तिच्या पोटात तीनशे बायकांचा चौपट धोका लपून राहील. एकूण आकडा "राज्याइतकाच" म्हणतो म्हणून सगळीकडे ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. तो धोका दिसायला हवा असेल, तर पोडांचे आकडे वेगळे ठेवावे लागतील आणि अनेक वर्षांचे एकत्र करावे लागतील. दहा वर्षांत त्या ३०० च्या जागी ३,००० जन्म होतात. राज्याच्या दराने तिथे साधारण १ मृत्यू अपेक्षित, चौपट धोक्याने अडीच. एका वर्षात न दिसणारा फरक दहा वर्षांत कुठे दिसू लागतो.

दुसरं गृहीतक स्वातंत्र्याचं. ते मोडलं की पॉयसन मोडतो, मग p कितीही लहान असो. एका पोडाची विहीर दूषित झाली, तर जुलाबाचे रुग्ण एकेक करून येत नाहीत, एकदम येतात. समजा आठ वर्षांची नोंद अशी आहे : ०, ०, ०, ९, ०, ०, १, ०. सरासरी १.२५. पॉयसनमध्ये सरासरी आणि विचरण सारखे असतात. इथे विचरण काढून बघा : सुमारे ८.७, सरासरीच्या सातपट. ही ओळखायची खूण. विचरण सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त आलं, तर घटना झुंडीने येत आहेत. तिथे "नऊ रुग्णांची शक्यता दहा लाखांत सहा-सात" असलं उत्तर देऊ नका, विहीर बघायला जा.

वर्गात मांडायचा क्रम

मुलांना उदाहरण सोडवायला देताना मी चार प्रश्न याच क्रमाने विचारायला लावतो. घटना एकमेकींना ओढून आणतात का? आणत असतील तर पॉयसन नको. p किती? ०.०१ च्या आत असेल तर मोकळेपणाने वापरा, ०.०५ पर्यंत जपून, त्याच्या वर द्विपदच करा. np किती? त्यावरून हिशेब किती पायऱ्यांचा होईल ते कळतं. आणि शेवटी, आलेलं उत्तर p पेक्षा पुरेसं मोठं आहे का? "n किमान २०" हा नियम पेपरात विचारला तर लिहायचाच, पण तो का पुरेसा नाही हे त्या मुलीला सांगता आलं पाहिजे.

तालुक्याच्या प्रश्नाबद्दल एक गोष्ट मात्र पालकांनाही सांगावीशी वाटते. "दोन मृत्यू योगायोगाने होऊ शकतात" याचा अर्थ "दोन मृत्यू टाळता आले नसते" असा होत नाही. संभाव्यता दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करते, एका बाईचं काय झालं हे ती सांगत नाही. रुग्णवाहिका किती वाजता निघाली, रक्त मिळालं का, पोडावरून रस्त्यापर्यंत तिला कोणी कसं आणलं, हे प्रत्येक मृत्यूमागे वेगळं विचारावंच लागतं. आकडा एक असो की दोन. आणि शून्याच्या वर्षीसुद्धा, जी थोडक्यात वाचली तिच्याबद्दलही.